मागं राहिलेला ‘का’



या व्याख्यानमालेसाठी संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, “विषय?” एवढा एकच शब्द. मी म्हणालो, “इंग्रजीतला सूर.” पलीकडून आलं, “म्हणजे संगीताचं?” म्हटलं, “नाही, बोलण्यातला.” त्यावर पलीकडून एक “हं” आला. तो “हं” कसला होता हे कागदावर उतरवून दाखवता येणार नाही. पण तुम्ही तो ऐकला असता, तर संयोजक धास्तावले आहेत हे तुम्ही लगेच ओळखलं असतं. त्या “हं”कडे मी शेवटी येणार आहे. सुरुवात मात्र दुसऱ्याच एका शब्दानं करतो. तो शब्द आहे ‘ग्रेव्ही’.

गोष्ट ब्रिटनमधली, १९७०च्या दशकातली. एका मोठ्या विमानतळावर कामगारांसाठी उपाहारगृह होतं. तिथं वाढायच्या कामावर भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्यानं लागल्या होत्या. थोड्याच दिवसांत त्यांच्याबद्दल कुरबुर सुरू झाली. मालाची चढउतार करणारे इंग्रज कामगार म्हणत, या बायका फटकून वागतात. देखरेख करणाऱ्या बाईंचंही तेच मत. आणि त्या बायकांना वाटे, हे लोक आपला दुस्वास करतात. गंमत अशी, की दोन्ही बाजूंमध्ये बोलणं असं फारसं होतच नव्हतं. दिवसाकाठी होणारे संवाद दोन-चार शब्दांचे. मग भांडण कशावरून?

जॉन गम्पर्झ नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं तिथलं बोलणं टेप केलं. ताटात मांस घेतलेल्या माणसाला त्यावर रस्सा हवा की नको, हे विचारायचं असतं. इंग्रज वाढपीण ते एकाच शब्दात विचारी, “ग्रेव्ही?” आणि सूर वर नेई. आपल्या बायकाही तोच शब्द उच्चारत, “ग्रेव्ही”, पण सूर खाली उतरे. गम्पर्झनं दोन्ही प्रकार टेपवर ऐकवले आणि विचारलं, यात फरक काय? बायका म्हणाल्या, काहीच नाही. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना आणि देखरेख करणाऱ्या बाईंना मात्र फरक नेमका सांगता आला. वर जाणाऱ्या सुरातला ‘ग्रेव्ही’ म्हणजे “घालू का?” खाली उतरणारा ‘ग्रेव्ही’ म्हणजे “हा रस्सा आहे.” आता रस्सा समोर दिसतोय, वाढपीण डाव घेऊन उभी आहे, आणि ती सांगते की हा रस्सा आहे! ऐकणाऱ्याला वाटतं, घ्यायचा तर घे, नाही तर चालू लाग, असंच हिला म्हणायचंय. हा उलगडा झाल्यावर बायकांनाही समजलं, की इतके दिवस लोकांच्या कपाळावर आठ्या का पडत होत्या. गम्पर्झनं १९८२ साली केंब्रिजहून निघालेल्या आपल्या पुस्तकात हा प्रसंग दिला आहे. त्याच्या तीन वर्षं आधी, १९७९ मध्ये, त्याच्या या कामाच्या आधारानं बीबीसीनं ‘क्रॉसटॉक’ नावाचा एक कार्यक्रमही केला होता.

हे सगळं सांगलीत का सांगायचं? कारण हाच गम्पर्झ त्याआधी आपल्या कुपवाडवर लिहून गेला होता. १९७१ साली त्यानं रॉबर्ट विल्सन यांच्यासह एक लेख प्रसिद्ध केला. भाषाशास्त्र शिकणाऱ्या जगभरच्या विद्यार्थ्यांना तो आजही वाचावा लागतो. त्यात कुपवाडचं ‘कुपवार’ झालं आहे आणि लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास आहे. महानगरपालिकेत जायच्या किती तरी आधीचं ते गाव. तिथं जैन आणि लिंगायत घरांत कानडी, मुसलमानांच्या घरांत उर्दू, दलित आणि भूमिहीन मजुरांच्या घरांत मराठी आणि दोर वळणाऱ्या काही घरांत तेलुगू. आणि पुरुषमाणूस घराबाहेर पडला की दोन-तीन भाषांत सहज ये-जा करी. लेखाचं म्हणणं असं, की पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून या भाषांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्यांचा साचा एक झाला. एका भाषेतलं वाक्य घ्यावं आणि जागच्या जागी शब्द बदलावेत, की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार.

मला या गावातली एकच गोष्ट आज हवी आहे. तिथल्या माणसाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर हवं असेल, तर तो काय करतो? मराठीत तो वाक्याच्या शेवटी ‘का’ लावतो: “येतोस का?” कानडीत क्रियापदाच्या शेवटी ‘आ’ जोडतो. तेलुगूतही ‘आ’च. आणि पुस्तकी उर्दूत ‘क्या’ वाक्याच्या आरंभी येत असला, तरी आपल्याकडची दखनी त्याला शेवटीच बसवते: “आता क्या?” घरं चार, पण प्रश्नाची खूण सगळीकडे शेवटी आणि ती स्वतंत्र उच्चारलेली. सूर वर गेला काय, सपाट राहिला काय, प्रश्न कळायचा राहत नाही. ‘का’ आहे ना!

आता तो माणूस इंग्रजी बोलू लागतो. इंग्रजीत ‘का’ नाही. तो मागं राहतो, आणि त्याच्या जागी काहीच येत नाही.

ज्यांच्या हाताखाली मी इंग्रजी शिकवायला लागलो, त्या सरांनी मला हे शिकवलं ते असं सिद्धान्त मांडून नव्हे. खटाव तालुक्यातला एक मुलगा, आयटीआय झालेला, आमच्याकडं सकाळच्या इंग्रजी वर्गाला यायचा. सर तेव्हा निवृत्त होऊन साताऱ्यात स्थायिक झाले होते आणि मी त्यांच्या हाताखाली नवा होतो. त्या मुलाची फोनवर मुलाखत झाली. सगळं बरं झालं असं तो म्हणत होता. शेवटी त्याला विचारायचं होतं, “तुम्ही फोनवरच कळवणार का?” त्यानं मनातल्या मनात शब्द बदलले आणि म्हणाला, “यू विल इन्फॉर्म मी ऑन फोन.” पलीकडचा माणूस क्षणभर थांबला आणि तुटक आवाजात म्हणाला, “वुई विल सी.” मुलगा गोंधळला. मी तिथल्या तिथं व्याकरण सांगू लागलो, की ‘विल’ आधी आणायला हवं होतं, ‘विल यू इन्फॉर्म मी’. सरांनी मला हातानं थांबवलं. म्हणाले, “शब्द तसेच राहू देत. ते वाक्य पुन्हा म्हण बघू, तिथं म्हटलंस तसंच.” त्यानं म्हटलं. ‘यू विल’ वरच्या पट्टीत, मग पायरी-पायरीनं खाली, आणि ‘फोन’ तळाला टेकला. सर म्हणाले, “याचं मराठी काय झालं माहिताय? ‘मला फोनवर कळवायचं, समजलं?’”

तोच शब्दक्रम, पण ‘फोन’पाशी सूर खालून वर उचलला, की वाक्य लगेच प्रश्न होतं आणि त्यात अजीजीही येते. उलट मी सुचवलेलं शुद्ध ‘विल यू इन्फॉर्म मी’ हे खाली उतरत्या सुरात म्हटलं, तर ते व्याकरणानं प्रश्न असूनही ऐकणाऱ्याला दटावल्यासारखं लागतं. म्हणजे शब्दांची जागा बदलली म्हणून सुटका होत नाही.

आता हा सूर म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात पाहू. गळ्यातले स्वरतंतू सेकंदाला जितक्या वेळा थरथरतात, तितकी आवाजाची पट्टी. साधारण पुरुषाच्या बोलण्यात ही कंपनं सेकंदाला शंभर-सव्वाशे असतात, बायकांच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास. पण नुसत्या आकड्याला अर्थ नाही, अर्थ आहे गुणोत्तराला. मी ११०वरून १६५वर गेलो, तर ते ‘सा’वरून ‘प’वर जाणं झालं. कुणी बाई २००वरून ३००वर गेल्या, तर तेही तेवढंच अंतर. हे मिरज-सांगलीला मी काय सांगावं! इथल्याच कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साथीनं श्रुती मोजल्या आणि १९१०मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. फरक इतकाच, की गाण्यात स्वरांवर उभं राहायचं असतं. बोलण्यात कुणी उभं राहत नाही, सगळी मींडच असते. म्हणून कान कितीही तयार असला तरी बोलण्यातला सूर हातातून निसटतो. मिरजेचा एखादा सतार बनवणारा कारागीर जवारीतला केसाएवढा फरक ओळखेल, पण “तू आत्ता सूर वर नेलास की खाली?” असं विचारलं तर तोही चाचपडेल.

इंग्रजी वाक्यात ही मींड वाटेल तिथं येत नाही. वाक्याच्या एका तुकड्यात एक अवयव मुख्य असतो. बहुधा तो शेवटच्या महत्त्वाच्या शब्दातला आघात असलेला अवयव असतो. वळण तिथं सुरू होतं आणि त्याच्या मागचे सगळे अवयव त्याच वळणावरून फरपटत जातात. ‘ग्रेव्ही’मध्ये आघात ‘ग्रे’वर आहे. म्हणून प्रश्न विचारताना ‘ग्रे’ खाली धरून तिथूनच चढायला लागायचं आणि ‘व्ही’ वर पोचवायचा. आपली मुलं काय करतात, तर ‘ग्रे’ सपाट म्हणतात आणि शेवटच्या ‘व्ही’ला शेपटासारखं वर ओढतात, कारण मराठीत ‘का’ शेवटी असतो ना! तो चढ उशिरा येतो, तोकडा असतो आणि इंग्रज कानाला तो अनेकदा प्रश्न वाटतच नाही. ‘फोन’सारख्या एकाच अवयवाच्या शब्दात तर ‘फो’च्या स्वरातच सगळी चढण उरकावी लागते. खटावचा तो मुलगा आठ दिवस ‘फो-ओ-ओन’ करत वर्गाला हसवत होता.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण तिनं शाळांमध्ये फार घोटाळा केला आहे. ‘प्रश्न आला की सूर वर’ हा नियम खोटा आहे. ‘व्हेअर’, ‘व्हॉट’, ‘व्हाय’नं सुरू होणारे प्रश्न इंग्रजीत साधारणपणे खालीच उतरतात. “व्हेअर आर यू गोइंग?” खाली. प्रश्न असल्याचं ‘व्हेअर’नं आधीच सांगितलंय, आता सुराला वेगळं काम नाही. त्याच ‘व्हेअर’वर सूर वर नेला, तर अर्थ होतो, “कुठं म्हणालात? नीट ऐकू आलं नाही.” मराठी शाळांत २०००पासून पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हापासून ‘व्हॉट इज युअर नेम’ हे वर चढत जाणाऱ्या सुरात लाखो मुलांनी पाठ केलं असेल. त्यांचं काही अडलं नाही, हेही खरं. पण इंग्रज ऐकणाऱ्याला त्यातून वाटतं, की मी नाव आधी सांगितलं होतं आणि हा विसरला.

आता पुन्हा त्या बायकांकडे. मला एक प्रश्न बरीच वर्षं छळत होता. आपल्याकडंही एका शब्दात विचारतातच की! पाहुण्याला “चहा?” म्हणताना आपणही सूर वर नेतो. एसटीतला कंडक्टर “सुट्टे?” म्हणतो, तोही वर. मग त्या बायकांनी ‘ग्रेव्ही’ खाली का उतरवला? याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही, ते औंधच्या एका लग्नात पंगतीला बसलो असताना सापडलं, असं मला वाटतं. वाढपी रांगेतून येत होता आणि म्हणत होता, “आमटी… आमटी… आमटी…” सूर सपाट, शेवटी किंचित खाली. तो कुणालाही विचारत नव्हता. हातात काय आहे ते जाहीर करत होता. हवं तर द्रोण पुढं करा, नको तर वर हात धरा. आणि यात आपल्याला कधी उर्मटपणा वाटला आहे का? उलट प्रत्येक पानापुढं थांबून “आमटी वाढू का?” असं विचारणारा वाढपी म्हणजे यजमानाचा हात आखडता आहे असंच आपण समजू. अन्न समोर आणलंय, आता तुम्ही संकोच करू नका, असा त्या सुराचा अर्थ आहे. विमानतळावरच्या त्या बायकांनी बहुधा पंगत वाढली आणि समोरच्यांनी ती दुकान समजली. हा माझा तर्क आहे. गम्पर्झचं मत म्हणून तो उद्या कुणी छापू नये.

आतापर्यंत प्रश्नाचं बोललो. त्याहून बिकट गोष्ट आहे संशयाची, म्हणजे बोलणाऱ्याला स्वतःच्याच म्हणण्याबद्दल किती खात्री आहे त्याची. इथं आपल्या सातारा-सांगलीच्या बोलीची श्रीमंती बघा. साधं वाक्य घ्या: पाऊस पडतोय. “पडतोय की!” म्हणजे एवढंही दिसत नाही का. “पडतोय व्हय?” म्हणजे मला माहीत नव्हतं. “पडतोय न्हवं?” म्हणजे मला माहीत आहे, तू फक्त मान डोलाव. “पडतोय म्हनं” म्हणजे दुसऱ्यानं सांगितलं, जबाबदारी माझी नाही. “पडतोय जनू” म्हणजे कौलांवरच्या आवाजावरून अंदाज करतोय. “पडतोय तसा…” म्हणजे पडतोय, पण त्याला पाऊस म्हणायचा की नाही, हे मी तुमच्यावर सोपवतो. एका वाक्याच्या शेपटाला एकेक चिमुकला शब्द लावून आपण आपल्या खात्रीचं माप अचूक देतो.

इंग्रजीत वाक्य एकच, “इट्स रेनिंग”. ‘रे’वरून सरळ खाली आलं की विधान. ‘रे’ खाली धरून उंच चढलं की “पडतोय व्हय?” आधी चढून मग जोरात उतरलं की “पडतोय की!” आणि आधी उतरून शेवटी पुन्हा किंचित वर वळलं, की “पडतोय तसा…” हे शेवटचं वळण, उतरून चढणारं, इंग्रजीचं खरं कसब आहे आणि आपल्या कानाला सगळ्यात अवघड. उतार सांगतो की मी विधान करतोय, आणि शेवटचा चढ सांगतो की ते पुरं समजू नका, मागं काही तरी ठेवलंय. मागं काय ठेवलंय ते इंग्रज माणूस बोलून दाखवत नाही. ऐकणाऱ्यानं ते ओळखायचं. “तो माणूस कसा आहे?” असं विचारल्यावर “ही इज ऑनेस्ट” असं या वळणानं म्हटलं, तर ती शिफारस नव्हे. आपल्या भाषेत ते “प्रामाणिक आहे तसा,” असं आहे, आणि नोकरी देणारा त्या ‘तसा’लाच घाबरतो. आपल्या माणसाला मात्र फक्त ‘ऑनेस्ट’ ऐकू येतं.

पतसंस्थांच्या या जिल्ह्यात एक उदाहरण चांगलं कळेल. व्यवस्थापकाबद्दल कुणी तरी म्हणतं, “ही डझन्ट लेंड मनी टू एनीबडी.” सूर ‘एनी’वरून सरळ खाली आला, तर अर्थ, “तो कुणालाच कर्ज देत नाही.” उतरून पुन्हा वर वळला, तर अर्थ, “तो कुणालाही कर्ज देत नाही,” म्हणजे ज्याला द्यायचं त्यालाच देतो. एका वाक्यातली संस्था बुडीत निघालेली, दुसऱ्यातली उत्तम चाललेली. मराठीत हे सगळं ओझं ‘च’ आणि ‘ही’ या दोन अक्षरांनी उचललं आहे. इंग्रजी वाक्यात एक अक्षरसुद्धा बदललेलं नाही. छापलं तर दोन्ही वाक्यं सारखीच दिसणार.

असंच आणखी एक, ज्यात वळणच नव्हे तर त्याची जागाही बदलते. तुम्ही परगावी कुणाला आपलं गाव सांगितलंत. तो म्हणाला, “आय थॉट यू वेअर फ्रॉम सातारा.” त्यानं ‘थॉट’वर सूर वरून खाली आणला आणि ‘सातारा’ तळाशी सपाट ठेवला, तर तो म्हणतोय, “वाटलंच होतं मला, सातारचेच असणार.” त्यानं ‘सातारा’वर उतरून-चढणारं वळण घेतलं, तर तो म्हणतोय, “मला आपलं वाटलं होतं, सातारचे असाल…” आणि तुम्ही नुकतंच सांगितलेलं असेल की मी सांगलीचा. ‘वाटलंच’ आणि ‘वाटलं’. पुन्हा तो ‘च’. सर म्हणायचे, मराठी माणसाला इंग्रजी सूर शिकवायचा असेल, तर आधी विचारावं की इथला ‘च’ कुठं गेला, ‘का’ कुठं गेला, ‘तर’ कुठं गेला, आणि जिथं तो हरवला असेल तिथं वळण शोधावं. सूर म्हणजे इंग्रजीची अव्ययं, असं त्यांचं म्हणणं. व्याकरणकार याला मान्यता देणार नाहीत. वर्गात मात्र ते चाळीस वर्षं चाललं.

एक आडवाट घेतो, क्षमा करा. संशयात स्वर ताणायचा ही काही इंग्रजांची मिरास नाही. वाईच्या पाठशाळेच्या परंपरेतल्या एखाद्या शास्त्रीबुवांना विचाराल, तर ते सांगतील की पाणिनीनं आठव्या अध्यायात याची सोय करून ठेवली आहे. हे की ते असा विचार मनात घोळत असताना स्वर प्लुत करावा, म्हणजे तीन मात्रांपर्यंत लांबवावा. टीकाकारांनी दिलेलं उदाहरण साप की दोरी, हे. अंधारात उभ्या असलेल्या माणसाचा तो ताणलेला स्वर, आणि इंग्रजाचं ते उतरून चढणारं वळण, ज्याला एका अवयवात मावण्यासाठी तो अवयव लांबवावाच लागतो, ही दोन्ही एकाच घरची वाटतात मला. आपण ते सूत्र पाठ केलं आणि सूर विसरलो.

आता मर्यादा सांगायला हवी, नाही तर उद्या कुणी मला बेलफास्टहून पत्र पाठवेल. तिथले लोक साधं विधानही शेवटी वर चढवून करतात, आणि ते प्रश्न विचारत नसतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिकेतली बरीच तरुण मंडळी गोष्ट सांगतानासुद्धा प्रत्येक वाक्याच्या शेवटी सूर उचलतात. अमेरिकेत १९९३मध्ये एका वर्तमानपत्री लेखानं याला ‘अपटॉक’ असं नाव दिलं. त्यात संशय असतोच असं नाही, “ऐकतोयस ना?” असा तो हुंकार मागणारा सूर असतो. आपला ‘न्हवं’च तो, फक्त प्रत्येक वाक्याला लावलेला. तेव्हा मी जे सांगतोय ते मुख्यतः दक्षिण इंग्लंडच्या वळणाचं आहे, जे आपल्या पाठ्यपुस्तकांतून आलं. शिवाय आपण आपसात जी इंग्रजी बोलतो, पुण्याचा माणूस चेन्नईच्या माणसाशी बोलतो ती, तिथं ‘यू आर कमिंग, नो?’ अगदी व्यवस्थित चालतं. तो ‘नो’ म्हणजे आपला ‘ना’च, इंग्रजी सदरा घातलेला. तो सुधारायला जाऊ नये, असं मला वाटतं. कारण जिथं अव्यय सोबत आलंय, तिथं गैरसमज होत नाही. गैरसमज होतो तो अव्यय मागं राहून सूरही न आल्यावर.

मग शिकवायचं कसं? आज सोय झाली आहे. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ‘प्रात’ नावाची संगणक-प्रणाली केली आहे, ती फुकट मिळते. फोनवर वाक्य रेकॉर्ड करा, त्यात घाला, पडद्यावर सुराची रेघ उमटते. खटावच्या त्या मुलासारख्याच एका विद्यार्थिनीचं ‘ग्रेव्ही’ आम्ही अलीकडं असं पाहिलं. तिची खात्री होती की तिनं सूर वर नेला. रेघ ‘ग्रे’वर सपाट होती आणि ‘व्ही’च्या टोकाला जेमतेम एक स्वरभर उचललेली. तिला दाखवल्याबरोबर ती म्हणाली, “अय्या, मी तर केवढ्यानं वर गेले होते!” केवढ्यानं म्हणजे मोठ्यानं. ही आणखी एक फसगत. आवाज वाढवणं वेगळं, सूर चढवणं वेगळं. मराठी मुलं प्रश्न विचारताना जोर वाढवतात आणि समजतात की सूर वाढला. रेघ फक्त सूर दाखवते, जोर नाही, म्हणून ती उपयोगाची. एक पथ्य मात्र पाळावं. ‘स’, ‘फ’, ‘ट’ अशा व्यंजनांपाशी रेघ तुटते किंवा वेडीवाकडी उडी मारते. ते यंत्राचं गोंधळणं असतं, बोलणाऱ्याची चूक नव्हे.

सरांजवळ असलं काही नव्हतं. त्यांच्याजवळ “हं” होता. ते मुलांना म्हणायचे, इंग्रजी विसरा, तोंड मिटा. मी सांगतो, “उद्या सुट्टी आहे.” तुम्हाला पटलं, तर? मुलं म्हणत, “हं.” खाली. ऐकू आलं नाही, तर? “हं?” वर. पटलं, पण सरांचा भरवसा नाही, तर? सगळा वर्ग एका आवाजात म्हणे, “हं…” खाली जाऊन वर वळलेला, लांबवलेला. हाच तो संयोजकांचा फोनवरचा “हं”. म्हणजे वळणं सगळी आपल्या गळ्यात आहेत. ती आपण शब्दांवर चढवत नाही, कारण मराठीत गरज पडत नाही. मग सर म्हणत, आता तोंड मिटून तिसरा “हं” पुन्हा करा, आणि तो चालू असतानाच ओठ उघडून ‘यस’ म्हणा. आणि वर्गातून पस्तीस मुलांचा एकदम असा ‘यस’ यायचा, की इंग्लंडातला वकील अर्धा तास उलटतपासणी घेईल.

खटावचा तो मुलगा शेवटी कुठं लागला ते मला माहीत नाही. गेल्या पावसाळ्यात मी एका कामानिमित्त कुपवाडच्या एमआयडीसीत गेलो होतो. दुपारी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवायला बसवलं. रांगेत माझ्यापुढं एक बिहारचा मुलगा होता, मागं दोन कानडी बोलणारे. ओट्यापलीकडच्या मावशी हातात डाव घेऊन उभ्या. बिहारच्या मुलाकडं बघून म्हणाल्या, “रस्सा.” सूर सरळ खाली. त्यानं थाळी पुढं केली. माझ्याकडं बघून म्हणाल्या, “रस्सा.” मीही पुढं केली. मागच्यानं थाळीवर हात आडवा धरला, आणि मावशी तशाच पुढं वळल्या.